कॅलेंडरवरची सेंद्रिय सासू

मूर्खपणा आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे वाचणाऱ्याला माझ्याविषयी उगाच आदर वाटायला नको. मी फेसबुकवर सांगितलं की मी जन्मात कधी फवारणीच्या औषधाला हात लावला नाही. आणि हे सांगताना मी साफ विसरले, की तरुणपणी मी फवारणीच्याच औषधांच्या कॅलेंडरवर होते.

कॅलेंडरवर म्हणजे खरोखरच कॅलेंडरवर. खिळ्याला टांगलेली. मूर्तिजापूरच्या आसपासच्या गावांत अशी भिंत सापडणं कठीण होतं, जिथे त्या वर्षी मी पाठीवर पंप घेऊन हसत नव्हते.

पण आधी सुनेचं सांगते, कारण नुकसान तिचं होणार होतं.

माझी सून लग्नानंतर कितीतरी वर्षं नांदगाव पेठेत कपड्याच्या कारखान्यात होती. शर्टांच्या शिवणी तपासायचं काम. उलटून बघायचं, ओढून बघायचं, टाका सुटलेला दिसला की बाजूला टाकायचं. घरातही ती तशीच. मी केलेली पोळीसुद्धा आधी उलटून बघायची. मग कारखान्यानं बायकांना आणणारी गाडी बंद केली, आणि अमरावतीहून रोजचं जाणं-येणं तिला जमेना. तिनं नोकरी सोडली, आम्ही गावच्या घरी परत आलो आणि तिनं आमचं तीन एकर वावर करायला घेतलं. ते इतके दिवस ठोक्यानं, म्हणजे वर्षाच्या ठरावीक पैशावर, दुसऱ्याला करायला दिलेलं होतं. मी म्हटलं, "शर्टाच्या गुंड्या मोजणारी बाई तूर मोजणार का?" ती म्हणाली, "मोजायचं काम तेच हाये आई, फक्त माल बदलला."

तिनं सेंद्रिय सुरू केलं. शेण-गोमूत्राच्या जीवामृताचा ड्रम, कडू पाल्याच्या दशपर्णी अर्काचा वास, निंबोळ्या गोळा करायला मला लावलं. आजूबाजूच्या गावांतले काही शेतकरी मिळून एक गट आहे. सगळे एकमेकांच्या वावरात जाऊन तपासतात, बांधावरून शेजाऱ्याची फवारणी उडून येते का ते बघतात, घरातल्या कोपऱ्यात एखादा डबा लपवला नाही ना तेही बघतात. तीन वर्षं असं केल्यावर आमच्या वावराला सेंद्रिय म्हणून मान्यता मिळाली. प्रमाणपत्र गटाचं, लेबल गटाचं. एकानं शेण खाल्लं तर वास साऱ्यांच्या तोंडाला.

तूर डाळ, हळद, जवसाची चटणी, एवढाच माल. विकायचा कुठे? म्हणून तिनं फेसबुकवर पान काढलं. आणि मोबाइलवर कुठलासा वर्ग केला, लहान धंदा करणाऱ्यांनी आपला प्रवास कसा सांगावा याचा. वर्ग संपला की ती मला सगळं समजावून सांगायची, कारण तिला ऐकायला दुसरं कुणी नव्हतं. माझा मुलगा वीज मंडळात आहे, तो घरी आल्यावर फक्त जेवतो.

"आई, लोक डाळ नाही घेत. डाळीमागचा माणूस घेतात."

"माणूस किलोनं का क्विंटलनं?"

"ऐका तर. पहिल्या दोन ओळीतच वाचणाऱ्याचा अंगठा थांबला पाहिजे. कारण त्याच्यापुढचं झाकलेलं असते, 'आणखी पाहा' वर दाबलं तरच दिसते. आन् एका पोस्टमध्ये एकच प्रसंग. दर वेळी 'घ्या, घ्या' म्हणायचं नाही. आपण कुठून सुरुवात केली, कुठं पडलो, काय शिकलो, ते सांगायचं. शेवटी वाचणाऱ्याले काहीतरी विचारायचं. आन् सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे सगळं खरं पाहिजे."

शेवटची गोष्ट ऐकताना मी बहुतेक पापड लाटत होते.

तिनं लिहायला सुरुवात केली. पहिली पोस्ट, कारखान्याची गाडी बंद झाली त्याची. दुसरी, पहिल्या वर्षी डाळीला कीड लागली त्याची. नीट वाळवली नव्हती, पाकिटं उघडली तर आतून किडेच डोकावून बघत होते. तिनं सगळ्या गिऱ्हाइकांना नवीन डाळ पाठवली आणि फोटोसकट सांगून टाकलं. तिसरी, तुरीला पॉलिश का करत नाही त्याची.

खरं सांगते, मला त्या पोस्टी फार मिळमिळीत वाटल्या. तिला आवडल्या म्हणून सांगणारे कोण, तर तिच्या माहेरची माणसं, एक दूरचा भाचा आणि एक चादरी विकणारा, जो प्रत्येक पोस्टखाली आपल्या चादरीचा भाव टाकायचा.

"अवं, याच्यात मसालाच नाही," मी म्हटलं. "कीड लागली म्हणून सांगतं कोणी? माह्यी गोष्ट टाक."

"तुमची कोणती?"

इथे मला थांबता आलं असतं. पण मी लहानपणापासून अशी आहे की कुणी 'कोणती' म्हटलं की माझ्या तोंडात आपोआप एक गोष्ट तयार होते. मी सुपात तूर घेतली, अंगणात उन्हाला बसले, पदर सारखा केला आणि सांगायला लागले. सांगता सांगता मलाच ती खरी वाटायला लागली, इथपर्यंत मजल गेली.

तिनं माझा सुपासकट फोटो काढला आणि खाली लिहिलं ते असं होतं:

"माझ्या सासूबाईंनी आयुष्यात कधी विषाच्या डब्याला हात लावला नाही. सारं गाव फवारत होतं. ही एकटी बाई बांधावर उभी राहून म्हणाली, माझी माती माझं लेकरू आहे, मी तिला विष पाजणार नाही. आमचा प्रवास माझ्यापासून नाही, त्यांच्यापासून सुरू झाला. तुमच्या घरात अशी कोणती बाई होती?"

लिहून झाल्यावर तिनं मला वाचून दाखवलं. मग विचारलं, "आई, हे खरं हाये ना? मी लग्न होऊन आली तोपर्यंत त वावर ठोक्यानं गेलं होतं. मी काही पाह्यलं नाही."

मी म्हटलं, "माह्या तोंडातून कधी खोटं निघते का वं?"

ती शिवणी तपासणारी बाई. पण सासूला उलटून बघायचं कसं, हे त्या कारखान्यात शिकवलं नव्हतं.

पोस्ट पळाली. इतकी पळाली की सुनेच्या फोनचा टिंग टिंग आवाज दिवसभर बंद होईना. अनोळखी बायका आपल्या आज्यांविषयी लिहायला लागल्या. कुणी मला 'भूमाता' म्हटलं. चादरीवाल्यानं चादरीचा भाव न टाकता हात जोडलेलं चित्र टाकलं, यावरून समजा. आणि अकोल्याच्या जठारपेठेतल्या बायकांच्या एका भिशी मंडळानं सगळ्यांसाठी वर्षाची डाळ एकदम सांगितली. सुनेनं इतकी डाळ एकरकमी कधी विकली नव्हती. त्या एका मागणीवर ती पुढच्या हंगामाचं बी, मजुरी, सगळं ठरवत होती. तूर खळ्यावरून घरात आली होती. आता अकोल्याला लहान डाळ मिलमध्ये न्यायची, पाकिटं भरायची, गटाचं लेबल लावायचं, की झालं.

मधल्या काळात मी काय करत होते? मी प्रसिद्ध होत होते.

अकोल्याला सेंद्रिय मालाचा बाजार भरला होता, तिथे सून मला घेऊन गेली. जठारपेठेतल्या त्या बायका मुद्दाम आल्या. एकीनं वाकून नमस्कार केला. मी डोक्यावर हात ठेवला. दुसरीनं पाया पडून माझ्यासोबत सेल्फी काढला. मी डोळे मिटून घेतले, कारण मोठी माणसं फोटोत डोळे मिटतात असं मला वाटलं. तिसरीनं विचारलं, "आजी, तुमचे केस अजून इतके काळे कसे?"

"मातीत काम केलं की मातीचा रंग लागते," मी म्हटलं.

सुनेनं माझ्याकडे बघितलं. तिला माझ्या मेंदीचा डबा कुठे असतो ते ठाऊक होतं. पण ती बोलली नाही. मागणी मोठी होती.

आणि मग त्या पोस्टखाली आमच्या जुन्या दुकानदाराची कमेंट आली.

मूर्तिजापुरात त्यांचं बी-बियाणं, खतं आणि औषधांचं दुकान आहे. आता मुलगा बघतो, ते नुसते खुर्चीवर बसून असतात. वयानं माझ्याएवढेच. आमचे हे त्यांना भाईजान म्हणायचे, म्हणून मीही भाईजानच म्हणते. त्यांनी लिहिलं होतं:

"माशाअल्लाह भाभी! किती वर्षांनी दिसल्या. हे बघा आपलं कॅलेंडर, मी आजही फ्रेम करून ठेवलं हाय. हमारे इलाके में पहला पंप इसी बहादूर औरत ने उठाया था."

खाली फोटो.

मी तो फोटो कितीतरी वर्षांनी बघितला. काय ती बाई! बाई कसली, पोरगीच. सव्विशीतली. सासूची जरीची साडी नेसलेली, अंबाड्यात गजरा, ओठांना लाली, कानात झुबे आणि पाठीवर फवारणीचा पितळी पंप. पंप रिकामा होता, कारण भरलेला घेऊन माझ्यानं हसणं झालं नसतं. आणि मागे स्टुडिओवाल्याचा पडदा. त्याच्याकडे एकच पडदा होता, काश्मीरचा. म्हणजे बघा, बर्फाचे डोंगर, निळं तळं, तळ्यात शिकारा, आणि त्याच्यासमोर मी, दल सरोवरावरच्या मावा-तुडतुड्यांचा बंदोबस्त करायला निघालेली.

खाली छापलेलं: "पिकाची काळजी आता आमची."

हे कसं झालं तेही सांगते. तेव्हा कपाशीवर फवारणी नवीन होती, आणि बाया पंप घेत नव्हत्या. आमच्या ह्यांचा हात मोडला होता, म्हणून मी घेतला. एकदा घेतल्यावर मला त्याची ऐट चढली. रस्त्यानं पंप घेऊन जायची तर मुद्दाम बाजारातून, जवळचा रस्ता सोडून. लोक बघायचे. मला वाटायचं कौतुकानं बघतात. आता कळतं की पंप गळत होता. नाकाला रुमाल बांधायचा हेही कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी मी बांधला नसता, चेहरा झाकला गेला असता ना. एकदा वावरातच चक्कर येऊन पडले. शुद्धीवर आल्यावर आधी विचारलं, "पंपाले काही झालं का?" इतकी ती शहाणी. तिला भाईजानांनी विचारलं, "भाभी, दुकानाच्या कॅलेंडरसाठी फोटो द्याल का?" ती हो म्हणण्याआधीच साडी बदलायला गेली होती.

आमच्या ह्यांनी ते कॅलेंडर गोठ्यात टांगलं. मी रुसले, तर म्हणाले, "बैल रोज पाहते तुले. माणसं पाहून पाहून कंटाळतीन, बैल नाही कंटाळत." त्या वर्षी वैशाख गेला, भादवा गेला, पानं फाटत गेली आणि वर मी तशीच हसत राहिले.

हे सगळं मी विसरले होते, म्हणजे पूर्ण विसरले होते असंही नाही. माणूस सोयीचं विसरतो.

सून फोन घेऊन अंगणात आली. मी लसूण सोलत होते. तिनं फोन माझ्या नाकासमोर धरला.

"आई, ही कोण?"

मी बघितलं. चष्मा पुसला. पुन्हा बघितलं.

"दिसते त माह्यासारखी," मी म्हटलं.

"आन् पाठीवर काय हाये?"

"...दूध असन."

ती हसली नाही. ती हसली असती तर बरं झालं असतं. ती नुसती खाली बसली आणि लसणाची टोपली बाजूला सरकवली. "मी तुमाले विचारलं होतं," ती म्हणाली. एवढंच. मला वाटलं होतं ती ओरडेल, मग मीही ओरडेन, मग जरा मोकळं होईल. पण तिनं तेवढीही सोय ठेवली नाही.

मग तिनंही एक चूक केली. घाबरून तिनं भाईजानांची कमेंट लपवली. फेसबुकवर अशी सोय असते म्हणे, कमेंट उडवायची नाही, नुसती झाकायची. पण झाकलेली कमेंट ज्यानं लिहिली त्याला आणि त्याच्या मित्रांना दिसतच राहते. आणि भाईजानांचे मित्र म्हणजे कोण? ज्यानं ज्यानं चाळीस-पन्नास वर्षांत त्यांच्या दुकानातून बियाण्याची थैली नेली तो प्रत्येक माणूस. म्हणजे शहरातल्या गिऱ्हाइकांपासून मी लपले, आणि ज्यांना खरं ठाऊक होतं त्या सगळ्यांसमोर उघडी राहिले. संध्याकाळपर्यंत तो काश्मीर गटाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पोचला होता.

गटाच्या प्रमुख बाईंचा फोन आला. त्या शेजारच्या गावच्या. शेवंती, झेंडू आणि भाजी पिकवतात, अकोल्याच्या बाजारात स्वतः नेऊन विकतात. बोलणं असं, की समोरच्याला वाटावं भाव सांगून राहिल्या, घ्यायचं तर घ्या. "सकाळी सारे येतो," त्या म्हणाल्या. "च्या नोको करजा."

चहा करू नका म्हणाल्या, म्हणजे प्रकरण गंभीर.

सकाळी गट आमच्या अंगणात बसला. प्रमुख बाईंनी पायरीवर बसकण मारली आणि सरळ सुनेला विचारलं.

"तू गटात आली तवा फारमात लिवलं होतं का या वावरात पयले रासायनिक फवारनी व्हत होती. लिवलं होतं का नाई?"

"लिहिलं होतं."

"मंग फेसबुकवर कावून लिवलं का कधीच झाली नाई?"

सून म्हणाली, "फॉर्ममध्ये ठोक्यावाल्याच्या वेळचं होतं. त्याच्या आधीचं मले माहीत नव्हतं. विचारलं होतं, पण तपासलं नाही. पोस्ट मी टाकली, चूक माझी."

गटातला एक जण म्हणाला, "डाळ त चांगलीच हाये ना, माय. तीन वर्षं आपनच पाह्यली."

"डाळीवर कोन बोलून राह्यलं?" प्रमुख बाई म्हणाल्या. "वाचनाऱ्याले फारम दिसत नाई, पोस्ट दिसते. उद्या थे जठारपेठच्या बाया म्हनतीन का सासू खोटी त लेबलबी खोटं. मंग मायी भाजी कोन घेईन? या साऱ्याईची हळद कोन घेईन? लेबल कोना एकाचं हाये का?" मग सुनेकडे वळून, जरा हळू: "गटानं तुले काढलं त तुई डाळ साध्या पाकिटात जाईन. थे बायांची मागनीबी जाईन. मले बरं वाटते का सांगाले?"

सून मान खाली घालून बसली होती. तिनं माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. ती साऱ्यांना सांगू शकत होती की हे माझ्या सासूनं केलं. सांगितलं नाही. मला तिचा राग आला. माझ्यावर तोंड टाकायची इतकी चांगली संधी अशी कुणी वाया घालवतं?

मग मीच बोलले. "तिले कायले विचारता? खोटं म्या सांगितलं. तिनं खरं हाये का म्हणून विचारलं, तवाबी खोटंच सांगितलं." आणि मग सगळं सांगितलं. पंप, गजरा, लाली, काश्मीर, बैल. गटातली माणसं आधी तोंडावर हात ठेवून हसली, मग हात काढून हसली. प्रमुख बाई हसल्या नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "मंग बंद कावून केलं फवारनं? मातीची दया आली?"

"कंबर गेली," मी म्हटलं. "पंप उचलंना. पोरगा म्हणे मी नाही उचलत. म्हणून वावर ठोक्यानं देल्लं. माह्या कंबरेनं केलं जे केलं."

"हे लिवा," त्या म्हणाल्या. "आन् टाकाच्या आधी गटाले वाचून दाखवा. जुनी पोस्ट उडवू नोका, उडवली त लोक म्हनतीन लपवलं. तिच्यातच वर लिवा का हे चूक हाये. झाकलेली कमेंट उघडी करा. आन् जठारपेठच्या बायाईले तुमी सोता फोन करा, पोस्ट वाचाच्या आधी. ज्याले डाळ नोको त्याले नोको. लेबलाचं मंग पाहू."

त्या दिवशी दुपारी मी भाईजानांना फोन केला. ते आधी खूश झाले, मग सगळं ऐकून इतके घाबरले की फोनवर त्यांच्या श्वासाचा आवाज यायला लागला. "या खुदा! भाभी, मैं तो तारीफ कर रहा था! नुसता फोटो बघितला, खालचं वाचलंच नाही. मला वाटलं तुमचं नाव होईल."

"नाव लय झालं, भाईजान. तो फोटो वापरू का?"

"वापरा ना! पण बघा, दुकानाचंही नाव येईल ना पोस्टमध्ये? आता आम्ही पण कीड पकडायचे कामगंध सापळे ठेवतो, पिवळे चिकट सापळे ठेवतो, निंबोळी अर्क ठेवतो..."

सुनेनं फोन माझ्या हातातून घेतला आणि गोडीनं सांगितलं की दुकानाचं नाव येणार नाही, फोटो खालून कापून टाकू. ते जरा हिरमुसले. "काश्मीर तर राहू द्याल?" त्यांनी विचारलं. काश्मीर राहू दिला.

मग लिहायला बसलो. हे काम मला वाटलं होतं त्यापेक्षा कठीण निघालं. मी सांगायचे, ती खोडायची. "'मला पश्चात्ताप झाला,' लिही," मी म्हटलं. "झाला होता का?" तिनं विचारलं. मी विचार केला. "तवा नव्हता झाला." तिनं खोडलं. "'मातीनं मला हाक मारली,' लिही." तिनं फोन खाली ठेवला आणि माझ्याकडे बघत राहिली. तेही गेलं. "बरं, 'चक्कर आली,' हे त खरं हाये." ते राहिलं. एकेक ओळ ती ओढून बघत होती, टाका सुटतो का. शेवटी जे उरलं ते एवढंसंच होतं, पण सगळं टिकलं:

"ह्या फोटोतली बाई मी आहे. पाठीवर औषधाचा पंप आहे. मागे काश्मीर आहे, तो खोटा. पंप खरा. आमच्या भागात पहिला पंप मीच उचलला, आणि त्याची मला मोठी ऐट होती. वावरात चक्कर येऊन पडले तरी सोडला नाही. कंबर गेली तेव्हा सुटला. मागच्या पोस्टमध्ये मी कधी फवारलंच नाही असं सांगितलं, ते खोटं होतं, आणि सुनेला ते ठाऊक नव्हतं. सेंद्रिय शेती माझ्यापासून नाही, तिच्यापासून सुरू झाली. तीन वर्षं तिनं केली, गटानं तपासली. मी निंबोळ्या वेचल्या, त्याही कुरकुर करत. तुमच्या घरी हे कॅलेंडर होतं का?"

गटाला व्हॉट्सअ‍ॅपवर वाचून दाखवली. प्रमुख बाईंनी अंगठ्याचं चित्र पाठवलं, नुसतं. मग सुनेनं ती टाकली आणि पानाच्या सगळ्यात वर पिन केली, म्हणजे येणाऱ्याला आधी तीच दिसेल.

जठारपेठेत मी स्वतः फोन केले. ते फोन करताना माझा आवाज इतका नम्र झाला होता, की पहिल्या बाईला वाटलं बँकेतून बोलतात. काहीजणींनी मागणी रद्द केली. एकीनं सांगितलं, "डाळ घेते, आजी. पण तो सेल्फी मी डिलीट केला, आन् मी तुमच्या पाया पडली होती ना, तेबी वापस घेते." मी म्हटलं, "घ्या माय, मी ठेवलं नव्हतंच." जिनं केसांचं विचारलं होतं तिनं पुन्हा विचारलं. मी मेंदीचं सांगितलं. तिनं कोणत्या दुकानातली ते विचारलं, आणि डाळही ठेवली.

नवीन पोस्ट जुन्यासारखी पळाली नाही, हेही सांगते, नाहीतर पुन्हा मी खोटी ठरेन. 'भूमाता' म्हणणाऱ्या बहुतेक बाया गप्प झाल्या. पण खाली लांबलचक कमेंटा आल्या, त्याही वऱ्हाडातल्याच. कुणाच्या घरी ते कॅलेंडर देवघराशेजारी होतं. कुणाच्या आजोबांनी मला बघून आजीला पंप घेऊन दिला होता आणि आजी अजून त्यांच्याशी बोलत नाही. एकानं लिहिलं की लहानपणी तो माझ्या फोटोला घाबरायचा. चादरीवाला परत आला, चादरीच्या भावासकट. सुनेला तो बघून बरं वाटलं.

तूर अकोल्याच्या लहान मिलमध्ये गेली. मिलचा आवाज असा, की माणूस काय बोलला ते दोनदा विचारावं लागतं. डाळ एकीकडून पिवळीधमक पडत होती, दुसरीकडून टरफल. पाकिटं भरून ओळीनं उभी केली होती, पण कोऱ्या कागदासारखी, लेबलाविना. लेबलांचा गठ्ठा गटाच्या प्रमुख बाईंकडे. त्यांनी सांगितलं होतं की गटात बोलणं झाल्यावर स्वतः येते.

सून पाकिटांच्या ओळीपुढून फेऱ्या घालत होती. एखादं पाकीट उचलायची, उलटून बघायची, जागेवर ठेवायची. बघण्यासारखं त्यात काही नव्हतं. मी रिकाम्या पोत्यावर बसले होते आणि कितीतरी वर्षांत पहिल्यांदा माझ्या तोंडात एकही गोष्ट तयार होत नव्हती.

प्रमुख बाई दुपारी आल्या, बाजारातूनच, फुलं विकून झालेलं टोपलं काखेत. आधी त्यांनी डाळ मुठीत घेऊन बघितली, दातानं फोडून बघितली. मग मिलवाल्याला हातानं खूण करून मशीन बंद करायला लावलं. आवाज थांबल्यावर एकदम कानात शांतता भरली. त्यांनी टोपल्यातून लेबलांचा गठ्ठा काढला, सुनेच्या हातात दिला, "लाव वं," म्हणाल्या. सुनेनं गठ्ठा छातीशी धरला. मग त्या माझ्याकडे वळल्या. मला वाटलं, आता दोन शब्द बरे बोलतील. मी पदर सारखा केला.

त्या म्हणाल्या, "तुमच्या खऱ्या पोस्टीतबी एक खोटं हाये, बाई. आमच्या भागात पयला पंप तुमी नाई उचलला, माया सासूनं उचलला. म्या अंगठा धाडला तवा मले मालूम नव्हतं, काल तिनंच सांगितलं. त्या दुकानदारानं फोटोसाठी पयले तिलेच विचारलं होतं, तिनं त्याले हाकलून देल्लं, मंग तुमचा लंबर लागला. आज संध्याकाळपावेतो दुरुस्त करा थे, नाईतर पुढच्या बैठकीत मी सोता हरकत घेईन."